सोळा की पंचवीस? रानशेतच्या एका शिवण कारखान्याच्या अहवालाची हकिकत

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ताग्याची लांबी मोजणे, उधारीचा हिशेब ठेवणे, पावसाळ्यात माल कोरडा ठेवणे ही कामे आम्हाला येतात. पण कारखान्याचा कायदेशीर अहवाल ही वस्तू आम्ही गेल्या डिसेंबरपर्यंत कधी बारकाईने पाहिली नव्हती. पाहिली ती एका नातेवाइकाच्या गरजेपोटी. त्यात जे समजले ते या पानाच्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहीत आहोत.

डहाणू तालुक्यातील रानशेत येथे आमच्या मामेभावाच्या मुलाचा शिवणकामाचा छोटा कारखाना आहे. भाड्याची शेड, विजेवर चालणारी अठरा शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, एक काज मशीन आणि इस्त्रीसाठी वाफेचे छोटे यंत्र एवढा पसारा. कापड आम्ही देतो, तो शाळेचे गणवेश शिवून देतो. 2025 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या एका खरेदीदाराने मोठी ऑर्डर देऊ केली आणि एक अट घातली. कारखान्याला कोणकोणते कायदे लागू आहेत, प्रत्येकाची आजची स्थिती काय आणि कोणते नूतनीकरण बाकी आहे, याचा सहीनिशी अहवाल पाठवा, मगच ऑर्डर.

मुलाने एका सल्लागाराकडून अहवाल करून घेतला आणि आमच्याकडे आणला. दोन पानांचा तक्ता होता. डावीकडे कायद्याचे नाव, उजवीकडे स्थिती. उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: 'पूर्तता आहे'.

आम्ही विचारले, "बेटा, सगळेच आहे?"

"चाचा, आमचे कामगार सोळाच आहेत. त्यामुळे फॅक्टरीचा परवाना लागू नाही, पीएफ लागू नाही. बाकी सगळे आहे."

खतावणीत सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच वळणात दिसल्या की आमच्या पिढीचा व्यापारी थबकतो. आम्ही म्हटले, उद्या तुझ्या शेडमध्ये बसू आणि हा कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहू.

पहिली ओळ : माणसे किती?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही शेडमध्ये माणसे मोजली. पंचवीस निघाली. हजेरी वहीत सोळा नावे होती. उरलेल्या नऊ बाया बटणे लावणे, धागे कापणे आणि घडी घालणे हे काम करीत होत्या. त्यांना नगावर पैसे मिळत होते, म्हणून त्यांची नावे वेगळ्या छोट्या वहीत होती. जून 2025 पासून त्या रोज येत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "भाई, आमी रोज येतो, रोज सांजेला जातो. पण आमचं नाव मोठ्या वहीत नाय."

सगळा अहवाल या एका वाक्यावर फिरला. कायदा मोजतो ती माणसे, वही मोजत नाही. पगार महिन्याचा असो, रोजाचा असो की नगाचा, मालकाने थेट ठेवलेला असो की ठेकेदाराने आणलेला असो, कारखान्याच्या आवारात कामाला असलेला माणूस मोजणीत येतो. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीत ही संख्या वीस केली. ती आधी दहा होती. 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1948 चा कारखाना कायदा त्यांत विलीन झाला. पण वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी वीस हा आकडा नव्या संहितेतही तोच राहिला. गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी वीस माणसे कामाला होती, एवढे पुरते. आज किती आहेत, हा प्रश्न दुसरा.

मुलाने दोन वाटा सुचवल्या. अशा वेळी जो तो याच सुचवतो. पहिली, नऊ बाया एखाद्या ठेकेदाराच्या नावावर दाखवायच्या. त्याने काही साधत नाही, कारण ठेकेदाराची माणसेही आवारात मोजली जातात. दुसरी, त्यांना शेजारच्या खोलीत बसवून वेगळे युनिट म्हणायचे. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा कुठेही असल्या तरी एकच धरण्याची तरतूद जुनी आहे. मालक तोच, माल तोच, पैसा त्याच गल्ल्यातून, मग भिंत मध्ये घालून दोन कारखाने होत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निधीचा कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे पंधरावर आली तरी तो सुटत नाही.

पंचवीस या आकड्याची किंमत

नुसते 'लागू आहे' असे लिहून भागत नाही. मागचे किती देणे निघते तेही अहवालात यायला हवे, नाहीतर खरेदीदाराला आणि मालकाला दोघांनाही धोका कळत नाही. आम्ही हिशेब मांडला. सोपे जावे म्हणून प्रत्येकाचा महिन्याचा पगार सरासरी 14,000 रुपये धरला.

भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा 12 टक्के आणि कामगाराचा 12 टक्के. म्हणजे एका माणसामागे 1,680 अधिक 1,680 रुपये. पंचवीस माणसांचे दोन्ही वाटे मिळून 84,000 झाले. त्यावर विमा आणि प्रशासन खर्च प्रत्येकी अर्धा टक्का, म्हणजे आणखी 3,500. एका महिन्याचे 87,500 रुपये. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सहा महिन्यांचे 5,25,000 रुपये. वर वार्षिक 12 टक्क्यांनी व्याज आणि दंडाची रक्कम वेगळी.

मुलगा म्हणाला, "यातला अर्धा तर कामगारांचा वाटा आहे, तो त्यांच्याकडून घेऊ."

हाच समज पुष्कळ मालकांना बुडवतो. कामगाराचा वाटा त्या त्या महिन्याच्या पगारातूनच कापायचा असतो. मालकाने तेव्हा कापला नाही, तर पुढच्या पगारातून मागची वसुली करता येत नाही. म्हणजे सहा महिन्यांचे दोन्ही वाटे मालकाच्या खिशातून जाणार. दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा भरणा करायचा असतो. ती तारीख चुकली की थकबाकी बारीक बारीक वाढत जाते आणि एके दिवशी एकदम समोर येते.

राज्य कामगार विम्याचे तसे नव्हते. तिथे दहा माणसांना कायदा लागू होतो आणि 21,000 रुपयांपर्यंत पगाराचे कामगार त्यात येतात. सोळा जणांचा विमा मुलगा नियमित भरत होता. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के, दोन्ही मिळून 4 टक्के. पण नऊ बाया बाहेर राहिल्या होत्या. त्यांच्या 1,26,000 रुपये पगारावर महिन्याचे 5,040 आणि सहा महिन्यांचे 30,240 रुपये निघाले. रक्कम छोटी आहे. पण यांतल्या एखादीचे बोट मशीनखाली गेले असते तर? विम्यात नाव नसलेल्या कामगाराची भरपाई मालकावर येते आणि तो आकडा किती असेल ते आधी सांगता येत नाही.

सल्लागाराच्या अहवालात विम्यासमोर 'पूर्तता आहे' असे लिहिले होते. खोटे नव्हते, पण अर्धे होते. आम्ही त्या जागी लिहिले : सोळांची आहे, नऊंची नाही.

'लागू नाही' म्हणायलाही पुरावा हवा

त्यानंतर आम्ही स्थितीच्या रकान्यासाठी चारच शब्द ठरवले : आहे, अर्ज केला, नाही, लागू नाही. आणि शेजारी एक नवा रकाना जोडला, पुरावा. परवाना आहे तर त्याचा क्रमांक आणि मुदत. अर्ज केला तर तारीख आणि पोचपावती. लागू नाही तर का नाही, ते एका वाक्यात.

या शेवटच्या शब्दाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. उदाहरणार्थ, इस्त्रीचे वाफेचे यंत्र. सल्लागाराने बॉयलरच्या ओळीत 'लागू नाही' लिहिले होते, कारण दिले नव्हते. आम्ही यंत्रावरची पत्र्याची पाटी पुसून वाचली. पाण्याची क्षमता 20 लिटर. बॉयलरच्या कायद्यातून 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेची यंत्रे वगळलेली आहेत. जुना 1923 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आला, तरी ही सूट राहिली. म्हणजे उत्तर बरोबरच निघाले. पण आता त्याच्यासमोर पाटीचा फोटो आणि आकडा आहे. उद्या मुलाने 40 लिटरचे यंत्र आणले, तर ही ओळ बदलेल आणि दर वर्षी तपासणीचा दाखला लागेल. कारण लिहिले असेल तरच हा बदल कुणाच्या लक्षात येतो.

डहाणूची खास ओळ

आता त्या ओळीकडे येऊ, जी भिवंडीच्या किंवा मालेगावच्या कारखान्याच्या अहवालात नसते.

20 जून 1991 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेत उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे तीन गट केले आहेत. हिरव्याला सोपी वाट, नारिंगीला अटी, लालला परवानगीच नाही. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून 500 एकरांची मर्यादा घातली. तालुक्याभोवती 25 किलोमीटरच्या पट्ट्याचीही तरतूद केली, म्हणून तलासरीच्या बंधूंनीही शेड घेण्याआधी हा कागद वाचावा. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 31 ऑक्टोबर 1996 च्या आदेशानुसार 19 डिसेंबर 1996 रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. कचेरीचा पत्ता बदलला, अधिसूचना बदलली नाही.

आमच्या मुलाच्या शेडमध्ये फक्त कापणे, शिवणे आणि इस्त्री. पाणी सांडत नाही, रंग नाही, धूर नाही. प्रदूषण मंडळांच्या वर्गवारीत धुणे-रंगवणे नसलेल्या कोरड्या होजिअरी कामाला पांढरा, म्हणजे सर्वात सौम्य गट दिला आहे आणि शिवणकामही त्याच जातीचे. पांढऱ्या गटाला संमतीपत्र लागत नाही. तरीही आम्ही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक पत्र लिहायला लावले. त्यात काम काय, मशीन किती, पाणी कशाला आणि किती, एवढे स्पष्ट मांडले आणि पोच घेतली. अहवालात स्थिती अशी लिहिली : संमती लागू नाही, सूचनापत्र दिले, पोच जोडली.

इथे एक गोष्ट उघड झाली आणि तिने आमची झोप उडवली. नव्या ऑर्डरमध्ये तीन शाळांच्या गणवेशांना खास छटा हवी होती. मुलाने शेडमागे सिमेंटची छोटी टाकी बांधून कापड तिथेच रंगवायचे ठरवले होते. गवंड्याला बयाणाही दिला होता. "चाचा, फक्त दोनशे लिटरची टाकी आहे," तो म्हणाला.

सांडपाणी निघणारे ब्लीचिंग, रंगाई आणि छपाई हे काम वर्गवारीत लाल आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे रंगाईचे कारखाने आहेत, ते संमती घेतात आणि सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्राला देतात. तिथे प्रश्न अटींचा असतो. डहाणू तालुक्यात प्रश्न अटींचा राहत नाही, कारण लालला दारच बंद आहे. टाकी दोनशे लिटरची असो की दोन हजारांची, तिच्यामुळे पांढऱ्या गटातले शिवणकाम लाल गटात जाते आणि सोबत अख्खी शेड अडचणीत येते. मंडळाला दिलेले पत्रही त्या दिवसापासून खोटे ठरते. ते काम टाकी बांधण्यापूर्वी थांबले. बयाण्याचे पैसे गेले ते गेले.

तोड सोपी निघाली. कापड रंगवून आणायचे काम आता संमती असलेल्या बाहेरच्या कारखान्याला दिले आहे. त्याच्या संमतीपत्राची प्रत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची चलने फाइलमध्ये ठेवायची. संमतीपत्रावर मुदतीची तारीख असते. ती तारीखही आमच्या अहवालात लिहिली, कारण त्याची मुदत संपली तर माल आमचा अडकतो.

नूतनीकरण : सर्वात अवघड कागद कोणता?

मुलाला विचारले तर तो म्हणाला, फॅक्टरीचा परवाना. आमच्या मते नाही. परवान्याची वाट ठरलेली आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नकाशा, इमारत मजबूत असल्याचा दाखला आणि फी घेऊन अर्ज करायचा. आतापर्यंतच्या महाराष्ट्र नियमांप्रमाणे परवान्याची मुदत 31 डिसेंबरला संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. नव्या संहिता आल्यावर संक्रमणाच्या काळात त्यांच्याशी विसंगत नसलेले जुने नियम चालू ठेवले आहेत. म्हणून या ओळीसमोर आम्ही लिहिले : दर सप्टेंबरात कचेरीत विचारून तारीख पक्की करावी.

खरा अवघड कागद शेडच्या भाडेपट्ट्याचा निघाला. सात-बारा काढून पाहिला. जमीन एका आदिवासी खातेदाराच्या नावावर. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीने भाडेपट्ट्याने घ्यायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि अशी मंजुरी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीची मिळत नाही. त्याहून जास्त हवे असेल तर राज्य सरकारची पूर्वसंमती लागते. नोटरीकडचा अकरा महिन्यांचा करार इथे कामाचा नाही.

नशिबाने मुलाच्या वडिलांनी ही मंजुरी रीतसर घेतली होती. पण तिची पाच वर्षे जून 2026 मध्ये पुरी होतात आणि हे घरात कुणाच्याच ध्यानात नव्हते. सल्लागाराच्या अहवालात जागेची ओळच नव्हती. इथे 'नूतनीकरण' हा शब्दही थोडा फसवा आहे. जुना कागद आपोआप पुढे चालत नाही. नवा अर्ज, नवी चौकशी, नवी मंजुरी, आणि सर्वात आधी जमीनमालकाची राजी. मुदत संपल्यावर जमीन मूळ मालकाला परत मिळवून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्या माणसाची जमीन हातची जाऊ नये म्हणूनच तो कायदा आहे, हे आपणही समजून घेतले पाहिजे. आम्ही मालकाकडे गेलो. तो म्हणाला, "पाच वरसांनी तुमी आधी इचारायला आलात, ते बरं केलं. पोरांना इचारून सांगतो." आठ दिवसांनी त्याने होकार दिला, भाड्यात वाढ मागून. ती रास्त होती.

एक छोटी ओळ अशीच विसरली जाते. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर महिलांच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाही इतक्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समितीचा फलक शेडमध्ये लागलेला होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. फलकावरची नेमणुकीची तारीख 2022 च्या ऑगस्टची होती. सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असत नाही. म्हणजे ऑगस्ट 2025 पासून भिंतीवर फलक होता, समिती नव्हती. दोन सदस्य तर काम सोडून गेल्या होत्या.

शेवटी तयार झालेला अहवाल

10 डिसेंबर 2025 ची तारीख घालून जो कागद खरेदीदाराला गेला, त्याचा गोषवारा असा :

1. कामगार संख्या : 25, पैकी 9 नगावर. पुरावा, दोन्ही वह्या.

2. कारखाना परवाना : नाही. अर्ज 31 डिसेंबर 2025 पूर्वी.

3. भविष्य निर्वाह निधी : नाही. जून 2025 पासून देणे, अंदाजे 5,25,000 रुपये अधिक व्याज व दंड. नोंदणी सुरू.

4. राज्य कामगार विमा : 16 जणांचा आहे, 9 जणींचा नाही. देणे 30,240 रुपये अधिक व्याज.

5. नेमणूक पत्रे : 16 जणांना आहेत, 9 जणींना नाहीत. नव्या संहितांप्रमाणे प्रत्येकाला देणे बंधनकारक. या महिन्यात देणार.

6. व्यवसाय कर : आहे. मालकाचे वार्षिक 2,500 रुपये 30 जूनपर्यंत. पुरुष कामगारांची कपात चालू. 25,000 रुपयांपर्यंत पगाराच्या महिलांना हा कर नाही.

7. कामगार कल्याण निधी : जूनचा भरणा 16 जणांचाच. डिसेंबरचा भरणा 25 जणांचा, प्रत्येकी कामगाराचे 25 व मालकाचे 75, एकूण 2,500 रुपये, 15 जानेवारी 2026 पर्यंत. जूनचा फरकही त्याच वेळी.

8. प्रदूषण मंडळ व डहाणू अधिसूचना : कोरडे काम, संमती लागू नाही. सूचनापत्राची पोच जोडली. रंगाई आवारात होत नाही.

9. बॉयलर : लागू नाही. क्षमता 20 लिटर, पाटीचा फोटो जोडला.

10. जागेचा भाडेपट्टा : आहे. मुदत जून 2026 पर्यंत. नव्या मंजुरीचा अर्ज जानेवारीत.

11. अंतर्गत समिती : मुदत संपलेली. नवी नेमणूक 20 डिसेंबरपर्यंत.

12. उद्यम नोंदणी आणि जीएसटी : आहे. दोन्हींना मुदत नाही, नूतनीकरण लागत नाही.

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली. सल्लागाराने उद्यम नोंदणीसमोर 'नूतनीकरण बाकी' असे लिहून त्याची फीही मागितली होती. ज्या कागदाला मुदतच नाही त्याचे नूतनीकरण कसले? आपल्या वाचकांपैकी कुणाकडे असा निरोप आला तर पैसे देण्याआधी कागद उलटून पाहावा.

मुलाला भीती वाटत होती. तो म्हणाला, "चाचा, इतके 'नाही' पाहून ते ऑर्डर रद्द करतील." आम्हालाही खात्री नव्हती. खरेदीदाराचा तपासनीस आठवड्याने रानशेतला आला. आल्या आल्या त्याने कागद बाजूला ठेवला आणि शेडमध्ये माणसे मोजली. पंचवीस निघाली. मग त्याने इस्त्रीच्या यंत्राची पाटी वाचली आणि शेडमागे जाऊन गटार पाहिले. जुना अहवाल पाठवला असता तर पहिल्याच मोजणीत सोळा आणि पंचवीस यांचा फरक उघडा पडला असता आणि पुढची एकही ओळ त्याने खरी मानली नसती.

ऑर्डर अर्धीच मिळाली. उरलेली परवान्याची आणि निधीची कागदपत्रे दिसल्यावर, 31 मार्च 2026 पर्यंतच्या मुदतीने. निधीची थकबाकी भरायला मुलाने दोन नवी मशीन घेण्याचा बेत पुढे ढकलला आणि आमच्याकडून दीड लाख रुपये उसने नेले. नऊ बायांची नावे मोठ्या वहीत चढली. विम्याचे क्रमांक आले तेव्हा जिने आम्हाला तक्रार सांगितली होती, तिने तो कागद घडी करून पदरात बांधला.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलगा तोच तक्ता नव्याने भरतो. आधी शेडमध्ये फिरून माणसे मोजतो, मग पहिली ओळ लिहितो, आणि मगच खालच्या ओळींना हात लावतो.